काम झालं, हे कोण नोंदवतं?

पाच जणांचं एक स्टार्टअप आहे असं समजा. तिघं कोड लिहितात, एक जण डिझाइन बघतो आणि एक जण ग्राहकांचे फोन घेते. त्यांचं ॲप किराणा दुकानदारांना बिलं करून देतं. एका सकाळी तक्रार येते, की बिलाच्या पीडीएफमध्ये रुपयाच्या चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन छापला जातोय. अशा तक्रारी सगळ्यांना दिसतील अशा एका ठिकाणी लिहून ठेवायच्या असतात. त्या ठिकाणाला ट्रॅकर म्हणतात.

ट्रॅकर निवडताना लोक सोयींची तुलना करत बसतात. माझ्या मते आधी एकच गोष्ट विचारावी: काम संपल्यावर नोंद कोण बदलणार? बहुतेक ट्रॅकर तिथेच शिळे होतात.

ट्रेलोसारखा साधा बोर्ड घ्या. ‘करायचं’, ‘चालू’, ‘झालं’ असे तीन रकाने आणि कामाचं एकेक कार्ड. कुणालाही पाहताक्षणी समजतो. आता आपली तक्रार पाहू. प्रोग्रामरला कळतं की पीडीएफचा फॉन्ट जुना आहे. रुपयाचं चिन्ह 2010 साली स्वीकारलं गेलं आणि त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नाही. तो फॉन्ट बदलतो आणि पुढच्या कामाला लागतो. कार्ड मात्र ‘चालू’मध्येच राहतं, कारण ते सरकवणं हे कोडपासून वेगळं, आठवणीने करायचं काम आहे. फोन घेणारी मग दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारते, ‘अरे, ते चौकोनाचं झालं का?’ हा प्रश्न रोज विचारावा लागत असेल, तर बोर्डावर कुणाचा विश्वास उरलेला नाही असं समजावं.

दुसरं टोक जिराचं. 2002 पासूनचं हे साधन दहा जणांपर्यंत फुकट मिळतं, म्हणून छोट्या कंपन्या सहज तिकडे वळतात. इथे प्रत्येक कामाला प्रकार, प्राधान्य, अंदाजाचे गुण आणि स्प्रिंट म्हणजे ठरावीक आठवड्यांची फेरी देता येते. कुठल्या अवस्थेतून कुठे जाता येईल, तेही ठरवता येतं. पण हे नियम आखून सांभाळायला माणूस लागतो आणि पाच जणांत तो बहुधा प्रोग्रामरच असतो. ओझं जास्त झालंय हे ओळखायला तिकिटांचा इतिहास उघडून पाहा. आठवडाभर काहीच हललेलं नाही आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळं एकदम पुढे सरकलंय, असं दिसलं तर ती नोंद कामासाठी होत नाही, बैठकीसाठी होते.

तिसरी वाट म्हणजे कोड जिथे ठेवला आहे तिथलीच यादी, उदाहरणार्थ गिटहबचे इश्यू. तक्रारीला 142 क्रमांक मिळाला असेल, तर प्रोग्रामर आपला बदल पुल रिक्वेस्ट म्हणून पाठवताना तिच्या वर्णनात एवढंच लिहितो:

```
Fixes #142
```

तो बदल मुख्य शाखेत मिसळला, की इश्यू आपोआप बंद होतो. नोंद बदलायला कुणाला आठवण ठेवावी लागत नाही. आपल्या पाच जणांसाठी मी हाच मार्ग निवडेन.

त्यातही दोन खाचखळगे आहेत. बदल मुख्य शाखेत गेला म्हणजे तो दुकानदाराच्या फोनवर पोहोचला असं नाही. ‘बंद’ पाहून फोन घेणारीने ‘दुरुस्त झालंय’ असं कळवलं आणि नवी आवृत्ती चार दिवसांनी निघाली, तर तोंडघशी तीच पडते. म्हणून बंद झालेल्या इश्यूला आवृत्ती निघाल्यावरच ‘ग्राहकापर्यंत पोहोचलं’ असं लेबल लावावं आणि तिने त्या लेबलाकडेच बघावं. हे लेबल हातानेच लावायचं आहे, पण दर कामाला नाही, दर आवृत्तीला एकदा.

दुसरी अडचण प्रवेशाची. खाजगी रिपॉझिटरीत इश्यू लिहिता यावा म्हणून तिला आत घेतलं, तर सगळा कोडही तिला दिसतो. ते नको असेल तर कोड नसलेली, फक्त तक्रारींची वेगळी रिपॉझिटरी काढता येते. मग नुसत्या क्रमांकाऐवजी खात्याचं आणि रिपॉझिटरीचं नाव जोडून लिहायचं, बंद होण्याची सोय तशीच राहते:

```
Fixes dukan/takrari#142
```

जीएसटीच्या तारखा, छपाई, जाहिराती यांचा कोडशी संबंध नाही. त्यांना साधा बोर्ड उत्तम. फक्त एकच काम दोन्हीकडे लिहू नये. दोनपैकी एक नोंद मागे पडतेच.

पुढे वेगळे टेस्टर आले, एका टीमचं काम दुसरीवर अडू लागलं, किंवा एखाद्या मोठ्या ग्राहकाने करारात ‘कुठला बदल कुणी, कधी मंजूर केला’ याची नोंद मागितली, तर जिराचे ते नियम कामी येतात. तेव्हा फॉन्टच्या दुरुस्तीलाही टेस्टरच्या मंजुरीशिवाय पुढे जाता येणार नाही, अशी अट घालता येते.