मोगऱ्याची कुंडी बदलताना

आठ इंची कुंडीतल्या मोगऱ्याला घातलेले पाणी क्षणात तळातून वाहून जाऊ लागले आणि सकाळी पाणी घालूनही दुपारी पाने मलूल होऊ लागली, की कुंडीत मातीपेक्षा मुळेच जास्त झाली आहेत असे समजावे. तळाच्या भोकातून मुळे डोकावत असतील तर खात्रीच पटते.

अशा वेळी पुन्हा पुन्हा कुंडी बदलायला नको म्हणून थेट चौदा इंची कुंडी आणण्याचा मोह होतो. नेमका तोच झाडाला महागात पडतो. आठ इंचांवरून दहा इंचांवर गेले तरी माती जवळजवळ दुप्पट लागते; चौदा इंचांत ती पाचपटीहून अधिक होते. मुळे तिथवर पोहोचलेली नसल्याने ती जास्तीची माती दिवसेंदिवस ओली राहते, तिच्यातली हवा कमी होते आणि मुळे कुजतात. म्हणून नवी कुंडी जुनीपेक्षा दोनच इंच रुंद घ्यावी.

दहा इंची कुंडीच्या तळाला करंगळीएवढी चार-पाच भोके हवीत. प्लास्टिकच्या कुंड्यांची भोके पुष्कळदा बुजलेलीच असतात, ती आधी उघडावीत. तळ फरशीवर सपाट बसत असेल तर कुंडी विटांच्या तुकड्यांवर ठेवावी, नाहीतर भोके असून नसल्यासारखीच. प्रत्येक भोकावर जाळीचा तुकडा किंवा बाकदार खापरी पालथी ठेवली की पुरे. तळाशी खडीचा थर घालण्याची पद्धत जुनी असली, तरी तिचा उपयोग नाही. बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, ते थराच्या वरच अडते. ओलीचा पट्टा त्यामुळे मुळांच्या आणखी जवळ येतो.

कुंडी बदलण्याच्या आदल्या संध्याकाळी झाडाला पाणी द्यावे. गोळा अलगद काढून बाहेरून गोल फिरलेली मुळे बोटांनी मोकळी करावीत. जाळे फारच घट्ट असेल तर धारदार सुरीने बाजूला तीन-चार उथळ उभ्या चिरा द्याव्यात. मोगरा एवढे सोसतो. बोगनवेलीचा गोळा मात्र अजिबात फोडू नये, तिची मुळे नाजूक असतात. खोड पूर्वीइतक्याच खोलीवर ठेवावे, बाजूच्या पोकळीत काडीने माती भरावी आणि काठाखाली इंचभर जागा सोडावी. मग तळातून वाहेपर्यंत पाणी घालावे.

आठ-दहा दिवस झाड उन्हापासून दूर, पण उजेडात ठेवावे. खत महिनाभर नको. या काळात पाने लवली तर लगेच तांब्या उचलू नये. बोट दोन इंच मातीत खुपसून पाहावे. माती कोरडी असेल तर झाडाला तहान लागली आहे. माती ओली असूनही पाने लवलेली असतील तर दुखावलेली मुळे अजून पाणी ओढत नाहीत, आणि तेव्हा घातलेले पाणी त्यांना कुजवते.