झेरॉक्सच्या दुकानाची वीज: मोठं मशीन इन्व्हर्टरवर घ्यायचं का?

हा भाग झेरॉक्सचं किंवा सायबर कॅफेचं छोटं दुकान टाकणाऱ्यांसाठी आहे. यात आकडे थोडे जास्त आहेत, त्यामुळे ऐकताना सुटले असतील तर इथे निवांत वाचा आणि फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा.

माझा मावसभाऊ तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीसमोर गाळा घेतोय. सामान असं: तीन कॉम्प्युटर, एक सेकंडहँड मोठं झेरॉक्स मशीन, वरून स्कॅन करता येणारा एक इंक टँक प्रिंटर, लॅमिनेशन मशीन, दोन पंखे, चार एलईडी ट्यूब आणि इंटरनेटचा राउटर. इन्व्हर्टरवाल्याने त्याला सांगितलं, सगळं चालवायचं तर मोठा इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या लागतील, पन्नास हजारांच्या घरात जाईल. याचा मला फोन. "दादा, घेऊन टाकू का?" मी म्हटलं, "थांब जरा. आधी झेरॉक्स मशीनच्या मागची पट्टी वाचून दाखव."

पट्टीवर होतं २२०-२४० व्होल्ट, ६ अँपियर. ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट. ऐकून तो दचकलाच. "म्हणजे हे दिवसभर एवढं खाणार?"

नाही खात. मशीनमध्ये टोनरची पावडर कागदावर पक्की बसवायला एक गरम रोलर असतो. त्याला फ्यूजर म्हणतात. तो तापवायला आत हीटर किंवा हॅलोजनचा दिवा असतो आणि खरी वीज तोच ओढतो. मशीन चालू केल्यावर तो जोरात तापतो, मग बंद होतो, रोलर थोडा गार झाला की पुन्हा लागतो. इस्त्रीचा दिवा कसा लागतो-विझतो, अगदी तसंच. पट्टीवरचा आकडा हा त्या सगळ्यात जोरातल्या क्षणाचा आहे.

आता गंमत अशी की वायर ठरवायची ती या जोरातल्या क्षणावर. बिल येतं ते दिवसभराच्या सरासरीवर. आणि बॅटरी ठरते ती लाईट गेल्यावर नक्की काय चालू ठेवायचं यावर. लोक एकच मोठा आकडा घेऊन तिन्ही ठरवतात आणि तिथेच पैसे जातात.

आधी वायर. सगळं एकाच वेळी जोरात चाललं असं धरू. झेरॉक्स १४००, लॅमिनेशन ५००, तीन कॉम्प्युटर मॉनिटरसकट ८० प्रमाणे २४०, पंखे १५०, ट्यूब ८०, राउटर आणि फायबरचा डबा २०, छोटा प्रिंटर १५. बेरीज साधारण २४०० वॅट. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेलं असतं, ते धरू नका. ती त्याची क्षमता आहे. ऑफिसच्या कामाचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला कॉम्प्युटर ६० ते ८० वॅटच्या आसपासच चालतो.

वर अजून एक गोष्ट धरायची. लाईट परत आली की इन्व्हर्टर बॅटरी चार्ज करायला २५०-३०० वॅट ओढतो, आणि नेमकं त्याच वेळी झेरॉक्स तापत असतं. म्हणजे झाले २७०० वॅट. वीजबिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. भावाच्या गाळ्याचा १ किलोवॅट होता. मी त्याला ३ किलोवॅटचा अर्ज करायला लावला.

कनेक्शन व्यावसायिकच हवं. दुकानाच्या गाळ्याला घरगुती मीटर वापरू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये याला अनधिकृत वापर म्हटलंय आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. वापर कधीपासून सुरू आहे ते ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीचे १२ महिने धरतात. छोट्या दुकानाला हा फटका झेपत नाही.

झेरॉक्सला मेन बोर्डपासून स्वतंत्र लाईन टाका: अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १६ अँपियरचा एमसीबी आणि १६ अँपियरचं पॉवर सॉकेट. मोठी पिन बारक्या सॉकेटमध्ये बसवणारा तो कन्व्हर्टर प्लग आणि एक्स्टेन्शन बोर्ड, दोन्ही नको. लॅमिनेशन मशीनही त्या सॉकेटवर नको. चुकलंय हे ओळखायचं कसं? झेरॉक्स तापायला लागलं की ट्यूब क्षणभर मंद होतात. अर्धा तास काम केल्यावर प्लगला हात लावला तर तो गरम लागतो, सॉकेटची भोकं तपकिरी पडतात. म्हणजे कुठेतरी जोड ढिला आहे किंवा वायर बारीक आहे. आणि मशीन चालू असताना इलेक्ट्रिशियनकडून मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज बघून घ्या. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून बराच जास्त असेल तर आधी अर्थिंग आणि न्यूट्रल नीट करायचे, मशीन नंतर.

आता मुख्य प्रश्न, बॅकअप. मी भावाला विचारलं, "लाईट गेल्यावर गिऱ्हाईक काय मागतं?" तो म्हणाला, "आधारची झेरॉक्स, सातबाऱ्याची प्रिंट, फॉर्म भरणं." यातल्या एकालाही मोठं मशीन लागत नाही. इंक टँक प्रिंटरवर स्कॅनची काच आहे, तो कॉपी काढतो आणि छापताना जेमतेम १५ वॅट घेतो, कारण त्यात फ्यूजर नाही. वेग कमी आहे, हे खरं. शंभर पानांच्या नोट्स घेऊन आलेल्या पोराला "लाईट आल्यावर ये" सांगावं लागेल. पण दोन-चार पानांचं गिऱ्हाईक परत जात नाही.

तर बॅकअपवर फक्त हे घ्यायचं: दोन कॉम्प्युटर १६०, राउटर वगैरे २०, छोटा प्रिंटर १५, एक पंखा ७५, दोन ट्यूब ४०. झाले ३१० वॅट. इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो. त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीतून ३९० वॅट जातात. १२ व्होल्ट, १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. पण तो आकडा वीस तासांत हळूहळू रिकामी केली तरचा आहे. इथे आपण ती ३२ अँपियरने ओढतोय, शिवाय पूर्ण रिकामी केली तर ती लवकर मरते. म्हणून ६० टक्केच धरा, म्हणजे १०८०. भागिले ३९०, साधारण पावणेतीन तास. बॅटरी जुनी झाल्यावर दोन तास मिळाले तरी भावाचं भागतं, कारण त्याच्याकडे लाईट गेली तर तास-दीड तासात येते. तुमच्याकडे चार-पाच तास जात असेल तर एका बॅटरीत भागणार नाही, हा हिशेब पुन्हा मांडा.

या ३१० वॅटला ९०० व्हीएचा, शुद्ध साईन वेव्हचा इन्व्हर्टर पुरतो. पन्नास हजारांचं काम पंचविसात आलं. लेझर मशीन इन्व्हर्टरवर लावलंच तर काय होईल? छोटा इन्व्हर्टर फ्यूजर तापताक्षणी ओव्हरलोड दाखवून बंद पडतो आणि सोबत सगळे कॉम्प्युटर बसतात, अर्धा भरलेला फॉर्म गेला. मोठा इन्व्हर्टर ते पेलेल, पण मग बॅटऱ्यांचे पैसे तुम्ही रोलर तापवायला खर्च करताय.

इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, नॉर्मल आणि यूपीएस असं. कॉम्प्युटर असेल तर यूपीएसवर ठेवा. त्यात बदल इतक्या पटकन होतो की कॉम्प्युटर रीस्टार्ट होत नाही. पण या मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लाईट असूनही बॅटरीवर जातो. म्हणून लाईट असताना बॅटरीचा दिवा लागलेला दिसला तर इन्व्हर्टरला शिव्या देऊ नका, आधी व्होल्टेज मोजा. नाहीतर संध्याकाळी लाईट खरोखर जाईल तेव्हा बॅटरी आधीच रिकामी असेल.

लाईट गेली की झेरॉक्सचं बटण हाताने बंद करायची सवय लावा. लाईट परत आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, मगच चालू करा. आत कागद अडकला असेल तर फ्यूजर गार झाल्यावर काढा, लगेच हात घातला तर चटका बसतो.

राहिला महिन्याचा खर्च. मागच्या महिन्याच्या बिलाच्या एकूण रकमेला युनिटने भागा. स्थिर आकार, शुल्क सगळं धरून युनिट नक्की कितीला पडतं ते कळतं. मी हिशेबासाठी १५ रुपये धरतो. रोज कॉम्प्युटर १.९ युनिट, पंखे दीड, ट्यूब ०.८, झेरॉक्स १.१, बाकी किरकोळ आणि बॅटरी चार्जिंग मिळून ०.९. झाले सव्वासहा युनिट. २६ दिवसांचे १६० च्या आसपास, म्हणजे २४०० रुपये. यात बॅटरीचं भाडंही मिळवा. १५ हजारांची बॅटरी चार वर्षं टिकली तर महिन्याला ३०० रुपये झाले, ते बिलात दिसत नाहीत एवढंच.

झेरॉक्सचं १.१ युनिट जरा उघडून बघण्यासारखं आहे. दिवसाला ५०० कॉपी, मिनिटाला २५ या वेगाने वीस मिनिटांचं काम. त्याला जेमतेम ०.२ युनिट लागतं. उरलेलं ०.९ हे नऊ तास 'रेडी' म्हणत उभं राहण्याचं, १०० वॅटप्रमाणे. छापायला लागते त्याच्या चौपट वीज वाट बघायला! मग लगेच स्लीप लावायचं का? तेही नाही. पुन्हा तापायला अर्धा मिनिट १४०० वॅट, म्हणजे सुमारे १२ वॅट-तास लागतात. तेवढीच वीज रेडीमध्ये सात मिनिटांत जाते. म्हणजे सात मिनिटांच्या आत पुढचं गिऱ्हाईक येत असेल तर स्लीपमध्ये तोटा आहे, वर गिऱ्हाईकाला थांबावं लागतं ते वेगळंच. भावाच्या मशीनवर आम्ही टायमर १५ मिनिटांचा ठेवलाय. दुपारी दोन ते चार कचेरी थंड असते, तेव्हा तो हातानेच स्लीप करतो.

पैसे वाचवायचे तर पंखे बदला. साधा ७५ वॅटचा, बीएलडीसी ३० च्या आसपास. दोन पंख्यांचे महिन्याला २३ युनिट वाचतात आणि लाईट गेल्यावर बॅटरीवरचे ४५ वॅट कमी होतात, म्हणजे बॅकअप जवळपास अर्ध्या तासाने वाढतो. इंक टँकला मात्र रोज एक रंगीत पान काढा. बरेच दिवस तसाच ठेवला तर शाई सुकून हेड तुंबू शकतं आणि ते नेमकं लाईट गेल्यावरच कळतं.