उणे किरण कुठून आणायचे?

कर्करोगाच्या गाठीवर रेडिएशन देण्याआधी त्याची आखणी संगणकावर होते. आयएमआरटी या पद्धतीत यंत्रातून निघणारा झोत टंगस्टनच्या सरकत्या पट्ट्यांनी अडवून त्याचे शेकडो-हजारो छोटे तुकडे केल्यासारखे करता येतात आणि प्रत्येक तुकड्याची तीव्रता वेगळी ठेवता येते. गाठीला पुरेशी मात्रा मिळावी आणि शेजारच्या निरोगी अवयवाला कमीत कमी मिळावी, यासाठी कोणता तुकडा किती तीव्र ठेवायचा, हे गणिताने ठरवायचे असते.

गणिताला एक गोष्ट आपणहून ठाऊक नसते. तीव्रता शून्याखाली जाऊ शकत नाही. शरीरात गेलेले रेडिएशन परत ओढून घेणारा किरण जगात नाही. वरच्या बाजूलाही मर्यादा असते. म्हणजे प्रत्येक आकड्याला स्वतःची खालची आणि वरची हद्द आहे. अशा हद्दींना गणितात ‘चौकटीची बंधने’ म्हणता येईल, कारण दोन आकडे असतील तर त्यांना वावरायला मिळणारी जागा कागदावर आयत दिसते.

अगदी लहान उदाहरण घेऊ. किरणाचे दोनच तुकडे आहेत. पहिल्याची मात्रा x1. ती गाठीला पूर्ण मिळते आणि अवयवाला निम्मी. दुसऱ्याची मात्रा x2, आणि ती गाठ व अवयव दोघांनाही सारखीच मिळते. गाठीला 60 ग्रे हवेत आणि अवयवाला 20. (प्रत्यक्षात अवयवाला 20 पेक्षा कमी मिळाले तर कोणाची तक्रार नसते. इथे सोयीसाठी दोन्ही आकडे नेमके गाठायचे आहेत असे धरू.) हद्द विसरून ही दोन समीकरणे सोडवली, तर उत्तर येते x1 = 80, x2 = −20. लक्ष्ये तंतोतंत जुळतात, पण उणे वीस ग्रे देणार कसे?

यावर पटकन सुचणारा उपाय असा की उणे आकडा पुसून तिथे शून्य लिहावे. तसे केले तर x1 = 80, x2 = 0 उरते. आता गाठीला मिळतात 80 आणि अवयवाला 40. दोन्हीकडे 20 ने जास्त. चुकांच्या वर्गांची बेरीज 800 होते. कारण सरळ आहे. पहिल्या किरणाने 80 पर्यंत मजल मारली होती ती दुसरा 20 परत घेईल या भरवशावर. दुसऱ्याला शून्यावर आणले, पण पहिल्याला ते कोणी कळवलेच नाही.

हे कळवण्याचे काम प्रोजेक्टेड ग्रेडियंट डिसेंट ही पद्धत करते. 1964 मध्ये ए. ए. गोल्डस्टीन यांनी आणि 1966 मध्ये रशियात लेविटिन व पोल्याक यांनी ती मांडली. ग्रेडियंट म्हणजे प्रत्येक आकडा किंचित वाढवला तर चूक किती वेगाने वाढते, याचे माप. त्याच्या उलट दिशेने छोटे पाऊल टाकले की चूक घटते. फरक एवढाच की उत्तर आल्यावर एकदाच छाटायचे नाही. प्रत्येक पावलानंतर छाटायचे आणि पुढचा उतार छाटलेल्या जागेवरून नव्याने मोजायचा.

```
r = A @ x - b
g = A.T @ r
x = np.clip(x - 0.3 * g, lo, hi)
```

सुरुवात x1 = 60, x2 = 0 पासून करू. गाठीला नेमके 60 मिळतात, अवयवाला 30, म्हणजे तिथे 10 जास्त. उतार येतो 5 आणि 10. पाऊल 0.3 चे असेल तर नवी जागा 58.5 आणि −3. उणे तीनचे शून्य करायचे आणि पुढे जायचे. पुढच्या फेरीत x1 होतो 57.56, मग 56.98, मग 56.61. x2 दर वेळी शून्याखाली जाऊ पाहतो आणि दर वेळी शून्यावर परत येतो. x1 शेवटी 56 वर स्थिरावतो. गाठीला 56, अवयवाला 28. चुकांच्या वर्गांची बेरीज 80, आधीच्या छाटाछाटीच्या एक दशांश. या हद्दीत याहून चांगले उत्तर नाही.

‘प्रोजेक्टेड’ या शब्दाने बिचकू नये. हद्दीबाहेर गेलेल्या जागेपासून हद्दीतली सर्वांत जवळची जागा शोधायची, एवढेच त्यात आहे. चौकटीत प्रत्येक आकड्याची हद्द स्वतंत्र असल्यामुळे जवळची जागा शोधताना प्रत्येक आकडा वेगळा छाटला तरी चालतो. हजारो आकडे असले तरी हे काम क्षणात होते. मात्र ‘सगळ्या किरणांची बेरीज इतक्याच्या आत हवी’ अशी आकड्यांना एकत्र बांधणारी अट आली, की एकेक आकडा छाटून जवळची जागा मिळत नाही. तिथे वेगळा हिशेब लागतो.

आता वरची हद्दही आणू. समजा, कोणत्याही किरणाला 50 च्या वर जाता येत नाही. 56 चे 50 झाले. जागा आता (50, 0). इथे उतार मोजला तर −7.5 आणि −5 येतो. म्हणजे दोन्ही किरणांना वाढायचे आहे. पहिला 50 वर अडकलेला आहे. पण आतापर्यंत शून्याला चिकटून बसलेला दुसरा सुटतो. 1.5, मग 2.1, मग 2.34 आणि अखेर 2.5. मला या पद्धतीतली हीच गोष्ट सर्वांत आवडते. एकदा कडेला लागलेला आकडा कायमचा बाद होत नाही. परिस्थिती बदलली की उतारच त्याला आत बोलावतो. ‘जे उणे आले ते काढून टाका’ म्हणणाऱ्या घाईच्या पद्धतींना हे जमत नाही.

थांबायचे कधी, यात नवशिके फसतात. एरवी उतार शून्य झाला की तळ गाठला असे समजतात. इथे तो शून्य होत नाही. पहिल्या उदाहरणाच्या अंतिम जागी x2 चा उतार 4 उरतो आणि दुसऱ्यात x1 चा −3.75. दोन्ही आकड्यांना ज्या दिशेला जायचे आहे त्या दिशेला भिंत आहे. म्हणून कसोटी वेगळी घ्यावी लागते: पाऊल टाका, छाटा, आणि जागा हलली का ते पाहा. हलली नाही तर काम झाले.

पावलाची लांबी चुकली तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. 0.3 ऐवजी 1 घेतले, तर (50, 0) वरून x2 जातो 5 वर, पुढच्या पावलात परत 0 वर, मग पुन्हा 5 वर, असे अनंतकाळ. दोन्ही जागी चूक 125 च, तर योग्य उत्तराशी ती 112.5. साध्या ग्रेडियंट डिसेंटमध्ये पाऊल फार मोठे झाले की आकडे लाखा-कोटींत जातात आणि गडबड लगेच दिसते. इथे छाटणी आकड्यांना उधळू देत नाही, त्यामुळे पडद्यावर सारे शहाण्यासारखे दिसते. म्हणून नुसते आकडे पाहू नयेत. प्रत्येक फेरीत एकूण चूक घटते आहे ना, ते पाहावे. आपल्या उदाहरणात सर्वांत तीव्र वळण 3.17 आहे. त्याचा व्यस्त 0.315 येतो आणि 0.3 निवडण्यामागे तेच कारण होते.

पद्धत संथ आहे, हे मान्य करायला हवे. वेगवेगळ्या दिशांचे उतार फार विषम असले की ती रेंगाळते. म्हणून प्रत्यक्ष वापरात बहुधा तिची वेगवान भावंडे असतात. त्यांतले 1995 चे L-BFGS-B फार प्रसिद्ध आहे. पायथनच्या SciPy संचात ते तयार मिळते. थांबण्यासाठी तेही नुसता उतार पाहत नाही. उताराच्या दिशेने जाऊन छाटल्यावर जागा किती हलते, तेच मोजते.