कॉलचा वळसा : पत्ता झाकतो, पण आवाज आणि चित्राचे काय?

दूधगंगेला पूर आला, खालचे पूल पाण्याखाली गेले, की सदलग्याच्या दवाखान्याकडे येणारी पलीकडच्या गावांची वाट बंद होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुराने हे साऱ्या सीमाभागाला दाखवून दिले. पुढे २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत व्हॉट्सअॅपसारख्या साधनांवरील चित्रसंवादालाही स्थान मिळाले. तेव्हापासून आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलवर रुग्णांचे कॉल येत असतात, आणि त्यांतले अनेक क्रमांक अनोळखी असतात. अशा कॉलमध्ये आपला आयपी पत्ता झाकावा काय आणि झाकल्यास कोणती किंमत मोजावी लागते, याचा येथे विचार करू.

दोन व्यक्तींमधला इंटरनेट कॉल शक्य असेल तेव्हा थेट जोडला जातो. आवाजाचे आणि चित्राचे लहान लहान तुकडे एका फोनकडून दुसऱ्या फोनकडे सरळ जातात. पाकिटावर पत्ता असल्याखेरीज ते पोहोचत नाही, त्याप्रमाणे या थेट मार्गासाठी दोन्ही फोनांना एकमेकांचा आयपी पत्ता कळावाच लागतो. पडद्यावर तो दिसत नसला, तरी थोडी तांत्रिक जाण असलेला माणूस स्वतःच्या यंत्रावरील वाहतूक तपासून तो वाचू शकतो. त्यावरून इंटरनेट कंपनी आणि साधारण शहर वा परिसर समजतो. घर क्रमांक मात्र समजत नाही. २०११ साली संशोधकांनी स्काइपवर दाखवून दिले होते, की असे पत्ते वारंवार गोळा केले तर माणूस एका गावाहून दुसऱ्या गावी गेल्याचेही ताडता येते. शिवाय घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता हाती लागला, तर त्या जोडणीवर निरर्थक वाहतुकीचा मारा करून ती ठप्प करता येते. सासरचा छळ सोडून निघालेली स्त्री किंवा न्यायालयीन प्रकरणात साक्ष देणारा डॉक्टर यांच्या दृष्टीने ही माहिती क्षुल्लक नव्हे.

यावरचा उपाय म्हणजे मध्यस्थ सर्व्हर. तुकडे आधी त्या सर्व्हरकडे जातात आणि तेथून पलीकडे पाठवले जातात, त्यामुळे दोन्ही फोनांना फक्त सर्व्हरचाच पत्ता दिसतो. व्हॉट्सअॅपने २०२३ मध्ये ही सोय आणली. सेटिंग्जमध्ये Privacy, त्यात Advanced आणि तेथे 'Protect IP address in calls' अशी ती आहे. सिग्नलमध्ये तिचे नाव 'Always relay calls' असे आहे. सिग्नलवर संपर्कयादीत नसलेल्याचा कॉल मुळातच असा वळशाने येतो. समूह कॉल तर नेहमीच सर्व्हरमार्गे जातात.

येथे दोन गैरसमज टाळावेत. मध्यस्थाला संभाषण ऐकू येत नाही. फोनातच कुलूपबंद झालेला मजकूर तो तसाच पुढे ढकलतो. मात्र कोणाचा कॉल कोणाकडे चालला आहे, हे त्या कंपनीला दिसते. म्हणजे पत्ता पलीकडच्या माणसापासून झाकला जातो, कंपनीपासून नव्हे. दुसरे असे, की आपला मोबाईल क्रमांक यामुळे लपत नाही. रुग्णांना वैयक्तिक क्रमांक कळू द्यायचा नसेल, तर दवाखान्यासाठी वेगळा क्रमांकच ठेवावा लागतो.

आता किमतीकडे वळू. नदीपलीकडच्या बोरगावातून एखाद्या मातेने सदलग्यात कॉल लावला, तर अंतर जेमतेम काही किलोमीटरचे. तथापि मोबाईलचा 'थेट' मार्गही त्या नदीवरून जात नाही. कंपनीची वाहतूक जेथून इंटरनेटमध्ये शिरते ते केंद्र बहुधा बेंगळुरू वा मुंबईसारख्या शहरात असते. मध्यस्थ सर्व्हरही त्याच शहरात असेल, तर जास्तीचा वळसा अगदी थोडा. तोच सिंगापूरला असेल, तर गोष्ट बदलते. काचतंतूतून प्रकाशाला हजार किलोमीटरला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात. मुंबई ते सिंगापूर अंतर सुमारे ३९०० किलोमीटर आहे, म्हणजे जायला किमान २० आणि परतायला २०, असे ४० मिलिसेकंद प्रत्येक शब्दामागे वाढतात. सर्व्हर निवडणे आपल्या हाती नसते. उलट, मोबाईल कंपन्यांच्या रचनेमुळे पुष्कळदा थेट जोडणी जुळतच नाही आणि कॉल आपोआप मध्यस्थामार्फत जातो. तेव्हा ही सोय चालू करूनही काहीच फरक पडत नाही.

बोलणाऱ्याच्या मुखापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंतचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला, तर संभाषण स्वाभाविक वाटते, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. विलंब त्यापुढे बराच वाढला, की दोघे एकाच वेळी बोलू लागतात आणि एकाच वेळी थांबतात.

हा विलंब मोजण्याची एक सोपी रीत आहे. आपण 'एक' म्हणावे, पलीकडच्याने ऐकताच 'दोन' म्हणावे, असे आळीपाळीने वीसपर्यंत मोजावे आणि आपल्या घड्याळावर वेळ पाहावी. आपल्या 'एक'पासून त्याचा 'वीस' ऐकू येईपर्यंत आवाज वीस वेळा तारेवरून प्रवास करतो. समजा, समोरासमोर बसून मोजताना १६ सेकंद लागले, सोय बंद ठेवून कॉलवर १९ आणि चालू ठेवून २१. मग बंद असतानाचा विलंब ३ भागिले २०, म्हणजे १५० मिलिसेकंद, आणि चालू असतानाचा २५०. वळशाची किंमत १०० मिलिसेकंद. दोन-तीनदा मोजून सरासरी घेतली, तर निष्कर्ष भरवशाचा होतो.

बालरोगतज्ज्ञाला मात्र विलंबापेक्षा खंड अधिक घातक वाटतो. आठ महिन्यांच्या बाळाला खोकला आहे आणि आपण पडद्यावर त्याचे श्वास मोजतो आहोत, असे समजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० वा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आपणास ठाऊकच आहे. बाळाचे खरे श्वास ५४ आहेत. चित्र अर्धा सेकंद उशिरा आले, तरी मोजणी ५४ च येते, कारण सर्वच श्वास सारखेच उशिरा येतात. पण त्या मिनिटात चित्र मिळून दहा सेकंद गोठले, तर आपल्या हाती ४५ च लागतात आणि न्यूमोनियाची शंका घ्यायला हवी ते बाळ ठीक ठरते. असा खंड बहुधा गावातल्या कमकुवत सिग्नलमुळे पडतो. गर्दीचा मध्यस्थ त्यात भर घालू शकतो, परंतु सोय बंद केल्याने कमकुवत सिग्नल सुधारत नाही.

म्हणून श्वासांची मोजणी चालू कॉलवर अवलंबून ठेवूच नये. बाळ शांत असताना छाती-पोट उघडे ठेवून मातेने पूर्ण एक मिनिटाचे चित्रण करावे आणि ते पाठवावे. चित्रण फोनातच होत असल्याने जाळ्यातील अडथळ्यांचा त्यावर परिणाम होत नाही. ते पोहोचायला पाच मिनिटे लागली, तरी त्यातला एकही श्वास हरवत नाही. छाती आत ओढली जाते का, हेही त्यात पुन्हा पुन्हा पाहता येते.

ही व्यवस्था पाळली, तर अनोळखी कॉल येणाऱ्या दवाखान्याच्या फोनवर पत्ता झाकण्याची सोय कायम चालू ठेवायला हरकत नाही. विलंबामुळे संभाषण थोडे अडखळेल, तेव्हा प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी क्षणभर अधिक थांबावे. वीसच्या मोजणीत विलंब फारच आढळला, तर साधा फोन कॉल करावा. त्यात आयपी पत्त्याचा प्रश्नच येत नाही.