दोन दांड्या, एक सांधा आणि ०.८२ मिलिमीटर

कारखान्याच्या भिंतीला चेनपुली टांगण्यासाठी लोखंडी ब्रॅकेट बसवतात. त्याचा सर्वांत साधा प्रकार दोनच दांड्यांचा असतो. वरची दांडी भिंतीतून आडवी निघते, खालची तिरक्या टेकूसारखी वर येते आणि दोघी टोकाला एका पिनेवर भेटतात. पुली त्या पिनेला लटकते. ओझं लावलं की ही पिन किती खाली येईल, हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे. पण तो सोडवण्याची जी रीत आहे, तीच हजारो दांड्यांच्या पुलासाठी संगणक वापरतो. दोन दांड्यांवर ती रीत कागद-पेन्सिलीनं पुरती उलगडता येते.

आकडे सोयीचे घेऊ. आडवी दांडी १.६ मीटर लांब आहे आणि तिच्या छेदाचं क्षेत्रफळ ४०० चौरस मिलिमीटर आहे. टेकू भिंतीला १.२ मीटर खाली टेकतो, म्हणून त्याची लांबी २ मीटर येते. त्याचं क्षेत्रफळ ५००. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक दर चौरस मिलिमीटरला सुमारे २ लाख न्यूटन धरतात. गुणांकाला क्षेत्रफळानं गुणून लांबीनं भागलं की दांडीची ताठरता मिळते, म्हणजे दांडी एक मिलिमीटर ताणायला लागणारं बळ. इथे दोन्ही दांड्यांची ताठरता ५० किलोन्यूटन येते, म्हणजे मिलिमीटरमागे ढोबळमानानं पाच टन.

आता कल्पनेतच एक प्रयोग करायचा. पिन हाताशी धरून ती बरोबर एक मिलिमीटर भिंतीपासून दूर सरकवायची, वर-खाली मात्र अजिबात हलू द्यायची नाही. आडवी दांडी पूर्ण एक मिलिमीटर ताणली जाते आणि ५० किलोन्यूटननं मागे खेचते. टेकू तिरका आहे. त्याच्या दिशेत या सरकण्याचा ०.८ इतकाच हिस्सा पडतो, म्हणून तो ४० किलोन्यूटननं विरोध करतो. त्या ४० चे पुन्हा दोन भाग होतात: आडवा ३२ आणि उभा २४. म्हणजे पिन तशी धरून ठेवायला आडवं ८२ आणि उभं २४ किलोन्यूटन बळ लावावं लागेल.

मग पिन एक मिलिमीटर वर उचलायची आणि आडवी सरकू द्यायची नाही. आडव्या दांडीची लांबी यात जवळपास बदलतच नाही, ती गप्प राहते. टेकू ०.६ मिलिमीटर ताणला जातो आणि ३० किलोन्यूटननं विरोध करतो. त्याचा आडवा भाग २४, उभा १८.

या चार संख्या, ८२, २४, २४ आणि १८, दोन ओळींत मांडल्या की त्या पिनेचा ताठरता मॅट्रिक्स तयार होतो. आडव्या सरकण्यानं उभं बळ २४ आणि उभ्या सरकण्यानं आडवं बळही २४, हा काही योगायोग नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ साली मांडलेल्या परस्परतेच्या नियमातून ते निघतं. मॅट्रिक्समध्ये ही जोडी जुळली नाही, तर मांडणीत चूक आहे, हे सोडवण्याआधीच कळतं.

संगणक हेच काम जरा मोठ्या तक्त्यावर करतो. तीन सांधे आहेत, प्रत्येक सांधा आडवा आणि उभा हलू शकतो, म्हणून सहा ओळी आणि सहा स्तंभ. प्रत्येक दांडी आपल्या दोन टोकांच्या चार ओळींत आपल्या संख्या टाकते. पिन दोघींची सामाईक, त्यामुळे तिथल्या घरांत दोन्हींच्या संख्या एकमेकींवर पडतात आणि त्यांची बेरीज होते: ५० अधिक ३२, ८२. जोडणी म्हणतात ती एवढीच. पण हा सहा बाय सहाचा तक्ता तसाच सोडवायला गेलं तर निश्चयक शून्य येतो. भिंतीचा उल्लेखच अजून झालेला नाही. सगळी चौकट हवेत कुठेही सरकू शकते, मग एकच उत्तर निघणार कसं? भिंतीतले दोन सांधे हलत नाहीत, हे सांगून त्यांच्या चार ओळी आणि चार स्तंभ बाजूला काढले की आपला दोन बाय दोनचा मॅट्रिक्स उरतो. विमानांच्या पंखांसाठी ही जोडणीची रीत १९५६ साली बोइंगमधल्या टर्नर यांनी क्लफ, मार्टिन आणि टॉप यांच्यासह एका प्रसिद्ध लेखात मांडली.

पुलीला ९ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ९०० किलो वजन लावू. पिनेचं आडवं सरकणं क्ष आणि वर जाणं य मानलं तर:

८२क्ष + २४य = ०
२४क्ष + १८य = −९

दहावीच्या बीजगणितातली क्रेमरची पद्धत इथे पुरते. निश्चयक ८२ × १८ वजा २४ × २४, म्हणजे ९००. त्यावरून क्ष = ०.२४ मिलिमीटर आणि य = −०.८२ मिलिमीटर. पिन ०.८२ मिलिमीटर खाली येते आणि शिवाय थोडी बाहेरही सरकते.

इथे थोडं थांबायला हवं. मॅट्रिक्समधली उभी ताठरता १८ आहे, मग ९ ला १८ नं भागून अर्धा मिलिमीटर का आला नाही? कारण १८ हा आकडा पिन आडवी सरकू न देता काढलेला आहे. प्रत्यक्षात ती मोकळी असते, आडवी दांडी ताणली जाते आणि पिन आणखी झुकते. आडवी मोकळीक हिशेबात घेतली की उभी ताठरता सुमारे ११ वर उतरते. दांड्या एकमेकींच्या आधारानं काम करतात ते असं, आणि ते नेमकं त्या कोपऱ्यातल्या २४ मध्ये साठवलेलं असतं.

सरकणं कळलं की दांड्यांतली बळं चुटकीसरशी निघतात. आडवी दांडी ०.२४ मिलिमीटर ताणली, गुणिले ५०, म्हणजे १२ किलोन्यूटन ताण. टेकूची लांबी ०.८ × ०.२४ वजा ०.६ × ०.८२, म्हणजे ०.३ मिलिमीटरनं घटली. त्यात १५ किलोन्यूटन दाब. पडताळा पिनेवरच घ्यायचा. टेकू पिनेला १२ नं बाहेर आणि ९ नं वर ढकलतो, आडवी दांडी १२ नं आत ओढते, वजन ९ नं खाली. सगळं जुळतं.

हा पडताळा विद्यार्थी अनेकदा टाळतात, आणि इथेच फसतात. टेकूची दिशा लिहिताना चिन्ह उलटं पडलं की २४ चे −२४ होतात. वर्ग केल्यावर चिन्ह जातं, म्हणून निश्चयक ९०० च राहतो. य सुद्धा −०.८२ च येतो. खाली येणं तेवढं बघणाऱ्याला उत्तर बिनचूक वाटेल. फक्त पिन बाहेर जाण्याऐवजी ०.२४ मिलिमीटर भिंतीकडे सरकलेली दिसेल. खऱ्या दिशा घेऊन बळं काढली तर टेकूत ३४.२ किलोन्यूटन दाब येतो आणि त्याचा उभा भाग २० च्या वर जातो. वजन तर ९ च आहे.

बिनचूक मॅट्रिक्सलाही एक गोष्ट दिसत नाही. टेकूतला १५ किलोन्यूटन दाब ५०० चौरस मिलिमीटरवर पसरला की दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन होतो, पोलादाला हे काहीच नाही. पण टेकू भरीव गोल सळईचा असेल, तर तिचा व्यास जेमतेम २५ मिलिमीटर. दोन मीटर लांबीची, दोन्ही टोकांना पिन असलेली अशी सळई ऑयलर यांच्या सूत्रानुसार सुमारे ९.८ किलोन्यूटनलाच बाकून जाते. म्हणजे पूर्ण वजन लागण्याआधीच. तेवढंच पोलाद ६० मिलिमीटर बाह्यव्यासाच्या पातळ पाइपात पसरलं, तर तोच टेकू सूत्राप्रमाणे १०० किलोन्यूटनच्या आसपास टिकतो. मॅट्रिक्सच्या लेखी सळई आणि पाइप दोन्ही सारखेच, ताठरता ५०. म्हणून दाबातल्या प्रत्येक दांडीसाठी बाकण्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.