विम्याचे साडेचार लाख

समजा, चाकणला वाहनांचे सुटे भाग करणारा एक मध्यम कारखाना आहे. जुलै ते सप्टेंबरची तिमाही संपली आहे आणि अकाउंट्समधल्या मुलीला फायनान्स मॅनेजरना ई-मेल पाठवायचा आहे. बजेटपेक्षा खर्च कुठे वाढला, कुठे घटला आणि का, हे त्यात सांगायचं. या फरकालाच कचेरीत व्हेरिअन्स म्हणतात. वर्कबुकमध्ये चाळीसेक खाती आहेत. त्यांतली मोठा फरक असलेली आणि मोठ्या रकमेची वेगळी काढून बाकीची ‘इतर’मध्ये एकत्र केली, की तक्ता असा दिसतो (आकडे लाख रुपयांत):

| खर्च | बजेट | प्रत्यक्ष | फरक |
|---|---|---|---|
| मालवाहतूक | १८.०० | २१.६० | +३.६० |
| वीज | २४.०० | २३.१० | −०.९० |
| दुरुस्ती | ६.०० | ३.२० | −२.८० |
| विमा | १.५० | ६.०० | +४.५० |
| इतर | ३०.०० | ३०.४० | +०.४० |
| एकूण | ७९.५० | ८४.३० | +४.८० |

फरकाचा फॉर्म्युला साधा आहे, प्रत्यक्षातून बजेट वजा:

```
=C2-B2
```

काही कचेऱ्यांत हीच वजाबाकी उलटी करतात. म्हणून अधिक म्हणजे जादा खर्च, हे मेलमध्ये एकदा लिहावंच.

हा तक्ता आहे तसा पाठवला तर मॅनेजरांची नजर आधी विम्यावर जाईल, आणि तिथे तर काहीच घडलेलं नाही. १ जुलैला वर्षभराचा सहा लाखांचा हप्ता भरला आणि तो सगळा या तिमाहीच्या खर्चात पडला. तीन महिन्यांच्या वाट्याला दीड लाखच येतात. उरलेले साडेचार लाख ‘प्रीपेड’, म्हणजे आगाऊ भरलेल्या खर्चात दाखवायला हवेत. लेजर उघडून एकच मोठी नोंद दिसली, की ही चूक लगेच कळते.

दुरुस्तीतली बचत अधिक फसवी आहे, कारण वाचलेल्या पैशांचा हिशोब कुणी मागत नाही. देखभाल विभागाला एक फोन केला असता कळलं, की प्रेस मशीनचं मोठं काम सप्टेंबरमध्येच पुरं झालं, फक्त अडीच लाखांचं बिल यायचं आहे. काम या तिमाहीत झालं म्हणजे खर्चही या तिमाहीचा. त्यासाठी तरतूद करावी लागते. खरी बचत तीस हजारांचीच.

या दोन दुरुस्त्यांनंतर एकूण खर्च ८२.३० लाखांवर येतो आणि जादा खर्च ४.८० ऐवजी २.८० लाख उरतो. आता मालवाहतूक हाच खरा प्रश्न समोर येतो. ‘वाहतूक वाढल्यामुळे वाढ’ असं कारण मी कितीतरी मेलमध्ये वाचलं आहे. त्यातून काहीच कळत नाही. बजेटमध्ये १२० फेऱ्या होत्या, दर फेरीला १५,००० रुपये. प्रत्यक्षात १३५ फेऱ्या झाल्या, १६,००० रुपयांनी. जादा १५ फेऱ्या जुन्या दराने धरल्या तर २.२५ लाख होतात. वाढलेले हजार रुपये सगळ्या १३५ फेऱ्यांना लावले तर १.३५ लाख. बेरीज बरोबर ३.६० लाख. फेऱ्या विक्रीबरोबर वाढल्या असतील तर ती काळजीची गोष्ट नाही. दर मात्र वाहतूकदाराशी बोलायचा विषय आहे.

म्हणून मेल असा जावा:

> विषय: दुसऱ्या तिमाहीचा खर्च, बजेटपेक्षा २.८० लाख जास्त
>
> मॅडम, नमस्कार.
>
> पुस्तकांत आज ४.८० लाख जादा खर्च दिसतो. विम्याचे ४.५० लाख प्रीपेडमध्ये नेले आणि प्रेस दुरुस्तीची २.५० लाखांची तरतूद केली, की तो २.८० लाख होतो. दोन्ही नोंदींना आपली मंजुरी हवी.
>
> मुख्य वाढ मालवाहतुकीत, ३.६० लाख: १५ जादा फेऱ्यांमुळे २.२५ आणि दरवाढीमुळे १.३५. जादा फेऱ्या विक्रीमुळेच झाल्या का, हे डिस्पॅचकडून शुक्रवारपर्यंत कळवते. विजेतली बचत तपासायची आहे. सप्टेंबरचं बिल मीटरच्या रीडिंगवर आहे की सरासरीवर, ते पाहते.
>
> तक्ता खाली आहे. अधिक म्हणजे जादा खर्च. आकडे ६ ऑक्टोबरच्या ट्रायल बॅलन्सवरून घेतले आहेत.

शेवटच्या ओळीतली तारीख महत्त्वाची आहे. मेलमध्ये चिकटवलेला तक्ता तिथेच थांबतो, वर्कबुक मात्र पुढे बदलत राहतं. आठवड्याने दोघींच्या आकड्यांत फरक पडला, तर तो त्या तारखेवरूनच उलगडतो.

पुढच्या तिमाहीत दुरुस्तीच्या खात्यावर लक्ष ठेवावं लागतं. ऑक्टोबरमध्ये बिल आल्यावर ते त्या तरतुदीतूनच वळतं करायचं असतं. ते नव्या खर्चात धरलं आणि जुनी तरतूद तशीच राहिली, तर अडीच लाख दोनदा मोजले जातात. मग डिसेंबरच्या तक्त्यात दुरुस्ती नेमकी अडीच लाखांनी फुगलेली दिसते, आणि देखभालवाले शपथेवर सांगतात, की नवं काम झालेलंच नाही.