गाडीची किंमत नेमकी किती?

व्यवसायासाठी नवी गाडी घेतली की शोरूमकडून ‘ऑन-रोड’ किमतीचा एक आकडा कळतो. पैसे त्या आकड्याने जातात, आणि बऱ्याच लहान व्यवसायांच्या वह्यांत गाडीच्या खात्यावर तोच आकडा जसाच्या तसा चढतो. पण हा आकडा म्हणजे गाडीची किंमत नव्हे. त्यात गाडी बनवणाऱ्याची किंमत असते, सरकारचे दोन-तीन प्रकारचे कर असतात, विमा कंपनीचा हप्ता असतो, शोरूमने विकलेले जोडसामान असते आणि कधीकधी खरेदीदाराचेच, पुढे परत मिळणारे पैसेही असतात. मालमत्ता म्हणून वहीत काय लिहायचे हे ठरवण्याआधी हा आकडा फोडावा लागतो.

फोडणीचे सूत्र लेखा मानक १० मध्ये आहे. मालमत्तेच्या खर्चात खरेदीची किंमत येते. त्यात परत न मिळणारे कर मिळवायचे आणि व्यापारी सवलत वजा करायची. शिवाय ती वस्तू वापरण्याजोग्या स्थितीत आणण्यासाठी थेट करावा लागलेला खर्चही त्यातच धरायचा. या वाक्यातले ‘परत न मिळणारे’ आणि ‘वापरण्याजोग्या स्थितीत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पावतीवरची प्रत्येक ओळ या दोन चाळण्यांतून काढली की बहुतेक प्रश्न सुटतात.

एक काल्पनिक पण नेहमीच्या व्यवहारासारखे उदाहरण घेऊ. इचलकरंजीतल्या एका कापड व्यापाऱ्याने १ डिसेंबर २०२५ रोजी दुकानाच्या कामासाठी एक छोटी पेट्रोल मोटार घेतली. व्यवसाय एकट्याच्या मालकीचा, जीएसटी नोंदणी असलेला. शोरूमला एकूण १२,९४,०२० रुपये गेले. सवलत वजा जाता गाडीची किंमत ९,००,००० होती आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,६२,०००, म्हणजे एक्स-शोरूम किंमत १०,६२,००० झाली. त्यावर एक टक्का टीसीएस १०,६२० रुपये. रस्ता कर सेससह १,३०,०००. नोंदणी, स्मार्ट कार्ड आणि बँकेचा बोजा चढवण्याचे शुल्क २,३००. विमा ४२,६००, जोडसामान २८,०००, वाढीव वॉरंटी १८,००० आणि फास्टॅग ५००.

पहिला प्रश्न जीएसटीचा. व्यापारी जीएसटीत नोंदलेला आहे म्हणून १,६२,००० रुपयांचे क्रेडिट घ्यावे असे वाटणे साहजिक आहे. पण चालकासह १३ माणसांपर्यंत बसण्याची क्षमता असलेल्या प्रवासी वाहनांवरचे क्रेडिट कायद्याने सहसा अडवलेले आहे. गाड्यांचीच खरेदी-विक्री करणारे, प्रवासी वाहतूक करणारे आणि ड्रायव्हिंग शिकवणारे यांना त्यातून सूट आहे. कापड व्यापाऱ्याला नाही. म्हणून हा कर परत न मिळणारा ठरतो आणि गाडीच्या किमतीतच जातो. याच व्यापाऱ्याने माल पोचवण्यासाठी टेम्पो घेतला असता तर चित्र उलटे झाले असते. मालवाहू वाहनावरचे क्रेडिट मिळते, त्यामुळे टेम्पो जीएसटी वगळून वहीत चढला असता. दोन्हीकडून फायदा मात्र घेता येत नाही: क्रेडिट घेतलेल्या कराच्या रकमेवर घसारा मागितला तर क्रेडिट नाकारले जाते.

टीसीएस हा पावतीतला सर्वांत फसवा आकडा. दहा लाखांहून महाग मोटार विकताना विक्रेता एक टक्का प्राप्तिकर गोळा करतो आणि खरेदीदाराच्या पॅनवर जमा करतो. तो गाडीवरचा कर नाहीच. व्यापाऱ्याने स्वतःचा प्राप्तिकर आगाऊ भरला, एवढाच त्याचा अर्थ. फॉर्म २६एएसमध्ये ही रक्कम दिसते आणि विवरणपत्र भरताना ती एकूण करातून वजा होते. म्हणून १०,६२० रुपये ‘येणे टीसीएस’ या खात्यावर जायला हवेत. गाडीच्या खात्यात ते मिसळले तर विवरणपत्राच्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि जी रक्कम रुपयास रुपया परत मिळायची तिच्यावर वर्षानुवर्षे घसारा काढत बसायची वेळ येते. वर्षअखेरीस २६एएसमधला आकडा वहीतल्या खात्याशी जुळवून पाहिला की ही चूक लगेच सापडते.

रस्ता कर आणि विमा हे दोन्ही शोरूमच्या कागदावर शेजारी-शेजारी असतात, पण त्यांचे वहीतले स्थान वेगळे आहे. महाराष्ट्रात खासगी मोटारीवर एकरकमी कर घेतात. पेट्रोल गाडीची किंमत १० ते २० लाखांच्या टप्प्यात असेल तर तो १२ टक्के. हा कर भरल्याशिवाय नोंदणी होत नाही, नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर येत नाही, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा भरावा लागत नाही. त्यामुळे १,३०,००० रुपये आणि नोंदणीचे २,३०० रुपये गाडीच्या किमतीत जातात. बोजा चढवण्याचे शुल्क खरे तर कर्जाशी बांधलेले आहे. काटेकोर हिशेबनीस ते वेगळे काढेल, पण एवढ्या लहान रकमेसाठी सहसा कोणी अडून बसत नाही. ज्या वाहनाचा कर दरवर्षी भरावा लागतो, तिथे मात्र तो त्या-त्या वर्षाचा खर्च असतो, मालमत्ता नव्हे.

विम्याच्या बाबतीत एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. विम्याशिवायही आरटीओ नोंदणी करत नाही, मग विमाही किमतीतच का धरू नये? कारण विमा गाडीला काहीच देत नाही. तो ठरावीक मुदतीतल्या नुकसानीची हमी देतो आणि मुदत संपली की तीच हमी पुन्हा विकत घ्यावी लागते. पुढच्या वर्षीचा हप्ता जर सरळ खर्च असेल, तर पहिल्या वर्षीचा हप्ता केवळ गाडीसोबत आला म्हणून मालमत्ता होत नाही.

नव्या गाडीच्या विम्यात आणखी एक गाठ असते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. शोरूमच्या कागदावर दोन्ही मिळून एकच आकडा दिसतो, फोड पॉलिसीवर असते. या उदाहरणात करासह ३०,००० रुपये एका वर्षाच्या भागाचे आणि १२,६०० रुपये तीन वर्षांच्या तृतीय पक्ष भागाचे आहेत. महिन्याला अनुक्रमे २,५०० आणि ३५० रुपये. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांचा खर्च ११,४०० रुपये होतो आणि उरलेले ३१,२०० रुपये ‘आगाऊ दिलेला खर्च’ म्हणून ताळेबंदात राहतात. २०२६-२७ मध्ये पहिल्या भागातले २०,००० आणि दुसऱ्यातले ४,२०० खर्चात येतील.

जोडसामानाच्या २८,००० रुपयांत सरसकट एक निर्णय चालत नाही. मागचा कॅमेरा आणि म्युझिक सिस्टिम यांचे १९,००० रुपये गाडीत पक्के बसवलेल्या, गाडीइतक्याच टिकणाऱ्या वस्तूंचे आहेत. ते किमतीत मिळवता येतात. गालिचे, गाडीवर टाकायचे कापडी आवरण, सुगंधी डबी यांचे ९,००० रुपये तेव्हाच खर्चात टाकणे योग्य. सीमारेषेवरच्या वस्तूंबाबत, उदाहरणार्थ चांगल्या प्रतीच्या सीटकव्हरबाबत, हिशेबनिसांची मते वेगळी असू शकतात. दरवेळी एकच पद्धत पाळली म्हणजे झाले. जोडसामानाचे बिल मात्र वेगळे मागून घ्यावे, कारण ‘ॲक्सेसरीज पॅकेज’ एवढ्या एका ओळीवरून काहीच ठरवता येत नाही.

वाढीव वॉरंटी पुष्कळदा जोडसामानातच दडलेली असते. कंपनीची मूळ वॉरंटी तीन वर्षांची आणि वाढीव वॉरंटी चौथ्या-पाचव्या वर्षाची असेल, तर १८,००० रुपयांतला एकही रुपया पहिल्या तीन वर्षांचा नाही. ही रक्कम नोव्हेंबर २०२८ पर्यंत जशीच्या तशी आगाऊ खर्चात राहील आणि डिसेंबर २०२८ पासून महिन्याला ७५० रुपयांनी उतरेल. फास्टॅगच्या ५०० रुपयांत १०० शुल्क, २०० अनामत आणि २०० शिल्लक असेल, तर फक्त शुल्क हा खर्च. बाकीचे पैसे व्यापाऱ्याचेच.

आता बेरीज. १०,६२,०००, रस्ता कर १,३०,०००, शुल्क २,३०० आणि पक्के बसवलेले सामान १९,००० मिळून गाडी १२,१३,३०० रुपयांना वहीत चढते. उरलेल्या ८०,७२० रुपयांपैकी १०,६२० टीसीएस, ४२,६०० विमा, ९,००० सुटे सामान, १८,००० वॉरंटी आणि ५०० फास्टॅग. नोंद करताना सोपी रीत अशी: शोरूमचे एक खाते उघडावे, बँकेतून आणि कर्जातून गेलेले सारे पैसे त्याच्या नावे टाकावे आणि मूळ कागद हाती येतील तसतसे त्यातून एकेक खाते वेगळे काढावे. गाडीचे कर-बिल, आरटीओची पावती, विमा पॉलिसी आणि सामानाचे बिल हे चार कागद आले की शोरूमच्या खात्यात शून्य उरायला हवे. काही उरले तर बहुधा ‘हँडलिंग’सारखी एखादी रक्कम कोणत्याच बिलात आलेली नसते, आणि ती कशाची हे विचारायची वेळ तीच.

घसाऱ्यावर याचा परिणाम लगेच दिसतो. प्राप्तिकरात अशा मोटारीला १५ टक्के दर आहे, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच मिळतो. १ डिसेंबरला आलेल्या गाडीवर ७.५ टक्के, म्हणजे ९०,९९८ रुपये. सगळी रक्कम गाडीवर टाकली असती तर घसारा सुमारे ६,०५० रुपयांनी वाढला असता. मात्र विमा, सुटे सामान आणि फास्टॅग शुल्क यांचा २०,५०० रुपयांचा याच वर्षीचा खर्च बुडाला असता, आणि टीसीएसवरचा हक्क नजरेआड झाला असता. गाडी घरच्या कामालाही वापरली जात असेल तर घसारा आणि विमा दोन्हींतून त्या वापराचा वाटा वगळावा लागतो.

जुनी गाडी बदल्यात दिली असेल तर आणखी एक चूक होते. समजा शोरूमने जुन्या गाडीचे दोन लाख धरून तेवढी रक्कम कमी घेतली. नवी गाडी दोन लाखांनी स्वस्त झाली असे नाही. जुनी गाडी दोन लाखांना विकली गेली आणि ते पैसे शोरूमच्या खात्यात जमा झाले. म्हणून नवी गाडी पूर्ण किमतीने चढते आणि जुन्या गाडीच्या विक्रीची नोंद स्वतंत्र होते. शोरूमने वर ‘एक्स्चेंज बोनस’ दिला असेल तर मात्र तो नव्या गाडीवरची सवलत आहे, आणि तिच्या किमतीतून वजा होतो. कर्जाची प्रक्रिया फी आणि व्याज यांना गाडीच्या किमतीत जागा नाही; गाडी ताब्यात येऊन वापरात आल्यावर कर्जाचा खर्च कर्जाच्या खात्यातूनच चालतो.